वेण्या सोडायच्या राहिल्या

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकतो. फौजेत होतो म्हणून नव्हे, जन्मापासूनच. पण या गोष्टीत मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलो, तो माणूस मीच होतो.

लेक साडेसहा वर्षांची झाली, तोवर मी तिच्याजवळ सगळे मिळून दहाएक महिने राहिलो असेन. फौजेतल्या माणसाची सुट्टी ती किती! वर्षाला दोन महिने. त्यातही ऊस, विहीर, भाऊबंद. मी आलो की पोरगी आजीच्या पदराआड जायची. मला हाकच मारायची नाही. जेवायला बोलवायचं झालं तरी आजीला सांगायची, "आज्ये, त्यास्नी म्हनावं, ताट वाढलंया." त्यास्नी! आपल्याच पोरीनं असं म्हटलं की काळजात कसं होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आमचं गाव उंब्रजपासून पायी तासाभरावर. त्या साली फाल्गुनात गुऱ्हाळं जोरात होती आणि माझी सुट्टी संपत आली होती. बायको दुसऱ्या बाळंतपणाला तिच्या माहेरी, आटपाडीच्या बाजूला, महिन्याभरापूर्वीच गेली होती. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला मागं ठेवलं. म्हणजे घरात मी, माझी आई आणि पोरगी. दिवस भरत आले होते, आणि सुट्टी संपायच्या आत पोरीला घेऊन तिकडं जायचं, बाळ बघायचं आणि तिथूनच पलटणीत परतायचं, असा माझा बेत होता. पोरीलाही तसा शब्द दिला होता. तो शब्द दिल्यावरच ती पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. "नक्की?" तिनं विचारलं. "नक्की," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी ती शाळेत जायला उठेना. अंग कोमट लागत होतं. झग्याच्या आत हात घालून खराखरा पोट खाजवत होती. आईनं झगा वर केला. पोटावर लाल ठिपके होते, पिसवा चावल्यासारखे. दुपारपर्यंत त्यातल्या बऱ्याच ठिपक्यांच्या टोकावर पाणी धरलं. पाठीवर आणखी उठले. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि गालावर दोन्ही हात मारून घेतले.

"बया आलीया घरात," ती हळूच म्हणाली. अंगावर फोड उठले की देवीच घरी आली, असं ती मानायची. "आता वराडायचं न्हाई, चिडायचं न्हाई. फोडनी न्हाई, तळन न्हाई. पोरीला तोडून बोलायचं न्हाई. तुझं त्वांड आवर."

शेवटचं माझ्यासाठी होतं.

तासाभरात दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. पोरीला मधल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर जुनेर टाकून निजवलं. आईनं नियम सांगितले. अंघोळ नाही. नखं कापायची नाहीत. केसांना फणी लावायची नाही, तेल नाही, वेण्या सोडायच्या नाहीत. पाचव्या दिवशी शुक्रवार येतो, तेव्हा पहिलं पाणी नुसतं अंगावरून. दुसरं पाणी मंगळवारी, ते डोक्यावरून. तोवर केसांना हात लावायचा नाही.

मी म्हणालो, "आई, नखं तर कापायलाच पायजेत. खाजवून खाजवून फोड फोडंल, त्यात घाण जाऊन पू धरंल, जन्माचे वण ऱ्हातील."

"बयाला लोखंड दाखवायचं न्हाई."

"मग काय दातानं कापू?"

"बघ, चिडलासच."

खरंच चिडलो होतो. पण आईच्या डोळ्यांकडं बघून आवाज खाली आणला. माझ्या आधी तिला एक मुलगी होती. देवीच्या साथीत गेली. आईनं तिचे केस दुसऱ्या पाण्याआधीच सोडले, म्हणून बया कोपली, असं गावातल्या बायकांनी तिला तोंडावर ऐकवलं होतं. नुकतंच लेकरू गेलेल्या बाईला! त्या बायका आज समोर असत्या तर मी काय बोललो असतो, ते इथं लिहिता येणार नाही. आईनं ते कधी मला सांगितलं नाही, चुलतीकडून कळलं. एवढं मात्र मला कळत होतं, की केसांचा नियम तिच्यासाठी नुसता नियम नव्हता.

तेव्हा मी सौदा केला. "केसांना हात लावनार न्हाई, आई. तुझी शपथ. पण नखं कापू दे."

आई बया समजून पोरीच्या पाया पडली, आणि कोनाड्यातली कात्री माझ्या हातात देऊन स्वतः परसात निघून गेली. मला वाटलं, जिंकलो. वीस नखं कापली आणि स्वतःवर खूश झालो. काय तो शहाणपणा!

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातली नर्सबाई दारात उभी. त्या वर्षांत देवीच्या रोग्यांचा शोध घेत सरकारी माणसं घरोघर फिरत होती. कुणाच्या अंगावर पुरळ उठलं म्हटलं की ती दारात हजर. आईनं दार अडवलं. "पोरगी मामाच्या गावाला गेलीया," म्हणाली. आणि आतून पोरगी ओरडली, "आज्ये, पाठ खाजीव की गं!"

नर्सबाई हसली नाही, हे तिचे उपकार. चपला बाहेर काढल्या, लिंबाच्या डहाळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, मी तुमच्या बयाला हलवायला नाही आले. नुसतं बघते." आई बाजूला झाली.

पिशवीतून तिनं एक कार्ड काढलं. देवी आलेल्या मुलाचा फोटो होता त्यावर. ते तिनं पोरीला दाखवलं नाही, मला दाखवलं. मग पोरीच्या पोटावरच्या वीतभर जागेवर बोट फिरवत म्हणाली, "हे बघा. हा नुसता लाल ठिपका. हा पाण्यानं भरलाय. आणि हा कालचा, मधोमध खचून सुकायला लागलाय. देवीत एका जागचे सगळे फोड एका वयाचे असतात, आणि तोंड, हात, पाय, अगदी तळहात-तळपायांवर दाट येतात. हिच्या छातीपाठीवर दाट आहेत आणि तळवे मोकळे. कांजिण्या आहेत. अजून दोन-तीन दिवस नवे येत राहतील, घाबरू नका."

मी ट्रंकेतून ए.पी.सी.च्या गोळ्या काढल्या. फौजेत डोकं दुखो की पाय, हीच गोळी. "अर्धी देऊ का तापाला?"

"अजिबात नको," ती एकदम म्हणाली. "लहान पोराला ही गोळी द्यायची नाही. ताप फार नाही, पाण्याच्या पट्ट्या पुरेत." त्या गोळीत ॲस्पिरिन असतं, आणि कांजिण्यांत लेकरांना ते देण्यात केवढा धोका असतो, ते पुढं कित्येक वर्षांनी कळलं. ऐकलं, म्हणून वाचलो.

खाजेसाठी तिनं गुलाबी पातळ औषधाची बाटली दिली, कॅलामाईन. फोडांवर कापसानं लावायचं, डोळ्यांत आणि तोंडात नाही. कोमट पाण्यानं अंघोळ घातली तरी चालते, म्हणाली. आईचा चेहरा बघून मग स्वतःच म्हणाली, "बरं, अंघोळ नको तर लिंबाच्या पाण्यात फडका पिळून अंग टिपा. चोळू नका. फोड लाल होऊन सुजला, पू धरला, श्वासाला धाप लागली किंवा पोर ग्लानीत गेली, तर लगेच केंद्रात आणायचं."

ती निघताना मी तिला सहज म्हणालो, की चार दिवसांत पोरीला तिच्या आईकडं नेणार आहे, ती बाळंतपणाला गेलीय.

नर्सबाई उंबऱ्यातून परत फिरली. "तिला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

मला ठाऊक नव्हतं. पण आईला होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शेजारी कांजिण्या आल्या होत्या, तेव्हा सुनेनं सांगितलं होतं, की माहेरी सगळ्या भावंडांना आल्या तेव्हा ती आजोळी होती, तिला कधीच आल्या नाहीत.

"मग नीट ऐका," नर्सबाई म्हणाली. "बाळंतपणाच्या आगेमागे आईला या आल्या, तर बाळालाही होतात. एवढ्या कोवळ्या जिवाला ते झेपत नाही. काही लेकरं वाचत नाहीत. हात लावायलाच पाहिजे असंही नाही, एका खोलीत बसलं तरी लागण होते. ह्या पोरीच्या अंगावरच्या शेवटच्या फोडाची खपली होईपर्यंत तिला आईच्या वाऱ्याला उभी करायची नाही. खपली पडायची वाट बघायची गरज नाही, पण पाणी असलेला एकही फोड उरता कामा नये. एकही."

"आणि मी?"

"तुम्हाला येऊन गेल्यात?"

मी भुवईवरचा कांजिण्यांचा खड्डा दाखवला.

"मग तुम्ही अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जाऊ शकता."

नर्सबाई गेल्यावर आई म्हणाली, "तू एकटाच जा रं. बाळ बघून जा पलटनीला. पोरीचं मी बघते."

आत पोरगी ऐकत होती. तिनं पाल्यावर कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. मी तिथंच ठरवलं. जायचं तर दोघांनी. आणि जायचं ते शेवटच्या फोडावर खपली धरल्यावर. सुट्टीचे तेरा दिवस हातात होते. तेरा दिवसांत फौजेची माणसं पूल बांधतात, मला एक पोर बरी करता येत नाही?

कामाला लागलो. बाप्यानं आजारी पोरीचं करणं म्हणजे गावात तमाशाच. लिंबाचा पाला तोडताना चुलतभाऊ बांधावरून ओरडला, "काय गड्या, बाळंतीन झालास व्हय?" मी म्हटलं, "व्हय, डिंकाचं लाडू धाडून दे."

पोरगी खाजेनं कळवळायची. मला वाटायचं ती खाज आपल्याला यावी, आपण बघून घेऊ. लिंबाचा कोवळा डहाळा घेऊन मी तिच्या पाठीवरून हळू फिरवायचो, थकलो की या हातातून त्या हातात. माझी ढगळ गंजी तिच्या अंगात घातली, घोट्यापर्यंत आली. झोपताना माझे सुती मोजे तिच्या हातांत चढवायचे आणि मनगटाशी सुतळीनं सैल बांधायचे. तोंडातसुद्धा फोड आले, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मग आई गार दूध द्यायची, नाचणीची आंबील द्यायची, बिनमिरचीची मऊ खिचडी द्यायची. पोरीनं काकवी मागितली. आईनं वाटीभर दिली. बयानं मागितलंय म्हणाली.

आणि रोज सकाळी आम्ही हजेरी घ्यायचो. ही माझी युक्ती. उजेडात दाराशी बसवून अंगावरचे फोड तपासायचे. नवा लाल ठिपका म्हणजे रंगरूट, नुकताच भरती झालेला. पाण्यानं भरलेला म्हणजे ड्युटीवरचा. खपली धरलेला म्हणजे पेन्शनर. पेन्शनरला छेडायचं नाही, तो आपल्या वेळेनं घरी जातो, ओढून काढला तर खड्डा करून जातो. पोरीला हे भारी आवडलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच ओरडून सांगायला लागली, "आबा, कोपरावर रंगरूट आलाय!"

आबा म्हणाली. मी कापूस शोधायच्या निमित्तानं आत गेलो आणि तोंडावर पाणी मारून आलो.

चौथ्या दिवशी फक्त दोन रंगरूट आले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, एकही नाही. आईनं लिंबाचा पाला घालून पाणी तापवलं, हळद टाकली आणि पहिलं पाणी अंगावरून घातलं. केस कोरडेच ठेवले. डोक्याला फडकं गुंडाळलं होतं. दहीभाताचा नैवेद्य झाला.

शनिवारी सकाळी मी तिला उन्हात उभी केली आणि पलटणीत किट तपासतात तशी तपासली. छाती, पाठ, काखा, बोटांच्या बेचक्या, कानामागं, तोंडात जीभ वर करून. सगळे पेन्शनर. ड्युटीवर एकही नाही. काल संध्याकाळी बायकोच्या भावाचं पोस्टकार्ड आलं होतं, आता आज-उद्याच म्हणून. नर्सबाईकडं जाऊन दाखवावं, असं मनात आलं होतं. पण शनिवारी ती दुसऱ्या गावाला असायची, आणि सोमवारपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. माझ्याच डोळ्यांवर माझा फार भरवसा.

"जायचं?" पोरीनं विचारलं.

"जायचं."

"नक्की?"

"नक्की."

आई दाराशी येऊन म्हणाली, "दुसरं पानी व्हायचं हाय." मी म्हटलं, मंगळवारी तिकडं घालू.

उंब्रजला एस.टी. मिळाली. कराडला उतरून विट्याची गाडी धरायची होती. पोरगी खिडकीशी बसली होती, तिच्या शेजारी मी, आणि पुढच्या बाकावर एक बाई चार-पाच महिन्यांचं लेकरू खांद्यावर टाकून. लेकरू मागं बघून हसत होतं. पोरीनं त्याच्यापुढं बोट केलं, त्यानं ते धरलं. मला फार बरं वाटलं. थोरली बहीण व्हायची ही, म्हटलं.

गाडी दोन कोस गेली असेल. पोरीनं दुसरा हात डोक्याला नेला आणि वेणीच्या मुळाशी कराकरा खाजवायला लागली.

"काय होतंय?"

"खाजतंय. लय खाजतंय, कवाधरनं."

मी तिचं डोकं जवळ ओढलं. भांगाच्या बाजूला केस चिकटून कडक झाले होते. आईला दिलेली शपथ आठवली. पण आता शपथ कसली! उजव्या वेणीची रिबीन ओढली, पेड उकलले, केस बोटांनी दुभागले. टाळूवर सात-आठ फोड. काहींच्या खपल्या झालेल्या, एक फुटून केसांत वाळलेला, आणि तीन पाण्यानं टंच भरलेले.

पाच दिवस मी अंगाचा कोपरा न् कोपरा तपासला आणि डोकं सोडून दिलं. का, तर नखांच्या बदल्यात केस देऊन मोकळा झालो होतो! नर्सबाईनं एकही म्हणून दोनदा बजावलं होतं. इथं तीन होते, आणि मी ते तीन फोड घेऊन बायकोच्या खाटेकडं निघालो होतो.

"गाडी थांबवा!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. कंडक्टर म्हणाला, "आवं, हितं थांबा न्हाई." मी म्हटलं, "थांबा नसू द्या, उतरतोय."

उतरायच्या आधी पुढच्या बाईला सांगावंच लागलं. "बाई, माझ्या पोरीला कांजिण्या आहेत. मला वाटलं सुकल्या, पण नाहीत. तुमच्या लेकराकडं ध्यान ठेवा. दोन-तीन आठवडे बघा, अंगावर काही उठलं तर दवाखान्यात दाखवा." तिनं लेकरू छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ती नजर अजून जात नाही. त्या लेकराचं पुढं काय झालं, मला कधीच कळलं नाही. बरंच झालं असेल, असं मी धरून चालतो.

गाडी गेली. रस्त्याकडेच्या वडाखाली आम्ही दोघं उभे. पोरगी थरथरत होती. मला वाटलं ताप आला. ताप नव्हता, राग होता. माझाच वारसा.

"तुमी नक्की म्हनालता!"

"व्हय. चुकलो."

"खोटारडं हायसा तुमी! मला न्हाई यायचं घरला. मला आईकडं न्या!"

दुसऱ्या एस.टी.त तिला बसवणं आता शक्य नव्हतं. उचलून खांद्यावर घेतली आणि उलट चालायला लागलो. पहिला कोसभर ती माझ्या डोक्यावर मुठी मारत होती, मोकळे केस तोंडावर, भोकाड पसरलेलं. उसाच्या गाड्या घेऊन येणारे गाडीवान बैल थांबवून बघायचे. एकानं गाडीत बसा म्हटलं, गाडीत त्याचं पोर होतं, मी नको म्हणालो. मी तिला समजावलं नाही. काय समजावणार? पाठीवर ओझं घेऊन चालायची मला सवय, पण असलं ओझं कधी उचललं नव्हतं. दुसऱ्या कोसाला मुठी थांबल्या. मोठा रस्ता सोडून पाऊलवाटेला लागेपर्यंत झोपली.

आई दारात होती. मी सगळं सांगून टाकलं. टाळूवरचे फोड, तीन पाण्याचे, मी शपथ मोडली, वेणी सोडली. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, मोकळे केस बाजूला करून ते फोड बघितले. कितीतरी वेळ बघत राहिली. मग दुसऱ्या वेणीची रिबीन तिनं स्वतःच्या हातानं सोडली.

"बये, रागवू नगंस," ती म्हणाली. "लेकराच्या डोक्यात काय हाय, ते बघाय नगं व्हय आमी?" तिनं एकेक बट सुटी केली, चिकटलेले केस कोमट पाण्यानं भिजवून मोकळे केले आणि कापसानं औषध टिपलं. मी बाजूला बसून बघत होतो. माझी न पाहिलेली बहीण त्या दिवशी आमच्या घरात होती, एवढंच मी सांगू शकतो.

पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हजेरीला यायची, पाठ करून बसायची. पण मी डहाळा फिरवायचा तो फिरवलाच, केस बघायचे ते बघितलेच. ती बोलो न बोलो, माझी ड्युटी चालू होती.

सोमवारी तार आली. आदल्या दिवशी मुलगी झाली, दोघी सुखरूप. आईनं नातू मनात धरला होता, म्हणून तार पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "सुखरूप हायती नव्हं? झालं तर." मी गुऱ्हाळावरून गूळ आणून सगळ्या आळीत वाटला.

"मला भन झाली?" पोरगी विचारती झाली. दोन दिवसांनी पहिले शब्द.

"व्हय."

"माझ्यामुळं तिला हुतील ह्या?"

"तू तिकडं गेली असतीस तर कदाचित झाल्या असत्या. म्हणून परत आलो."

ती विचारात पडली. मग फिरून बसली आणि डोकं माझ्यापुढं केलं. "हजेरी घ्या."

आई पुन्हा म्हणाली, तू एकटा जाऊन ये, सुट्टी संपतीया. मनात आलं नाही असं नाही. सुट्टीचा एकेक दिवस गळत होता आणि तान्ही लेक तिकडं होती. पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "दोघं जाऊ."

मंगळवारी दुसरं पाणी झालं, डोक्यावरून. बुधवारी मी पोरीला नर्सबाईकडं चालत नेली. तिनं खिडकीजवळ बसवून केसांत बोटं घालून घालून बघितलं आणि म्हणाली, "सगळ्या खपल्या. आता कुठंही जाऊ दे." मी तिला शनिवारची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "डोक्यातले बघायला मीच तुम्हाला सांगायला हवं होतं." मी म्हणालो, "नाही बाई, ती चूक माझी."

गुरुवारी आम्ही निघालो. कराड, विटा, आटपाडी, आणि पुढं चालत. पोहोचेपर्यंत उन्हं कलली होती. शनिवारी सकाळी मला पलटणीसाठी निघायचं होतं, म्हणजे दीड दिवस माझ्या वाट्याला.

बायको बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी आली होती, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात दुपट्यात गुंडाळलेली पोर. थोरलीला बघून तिनं एक हात पुढं केला. "ये गं माझे बाय!"

मला वाटलं पोरगी आता धावेल. महिना-दीड महिना आईशिवाय काढला होता तिनं. पण ती अंगणातच, तुळशीपाशी थांबली.

"आई, तू लांबच थांब," ती म्हणाली. आणि दोन्ही वेण्यांच्या रिबिनी आपल्या हातानं ओढल्या, केस सोडले, माझ्याकडं पाठ करून खाली उकिडवी बसली. "आबा, आदी बघा."

मी तिच्या मागं गुडघ्यावर बसलो. बायको, सासू, मेव्हणा, सगळे बघत होते. मी बटा बाजूला करून बघितल्या. खपल्याच होत्या, निम्म्या गळूनही गेल्या होत्या.

"सगळे पेन्शनीत," मी म्हणालो. "जा."

ती उठली नाही. मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"नक्की?"

मागच्या वेळी याच शब्दाला मी उभ्या उभ्या हो म्हणालो होतो. आता तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. तिचं डोकं पुन्हा हातात घेतलं आणि कपाळापासून मानेपर्यंत, एकेक बट उचलून, परत पहिल्यापासून बघितलं. तिनं डोकं हलवलं नाही.

"नक्की," मी म्हणालो.

मग ती गेली.